गर्भाच्या किडनीतली रीनल पेल्विस रुंद: विसाव्या आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंतचं एक प्रकरण

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाची एक किडनी जरा फुगलेली दिसणं हे गरोदरपणातलं नेहमीचं निरीक्षण आहे. साधारण शंभरातल्या एक-दोन गर्भांत ते आढळतं आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये पुढे काही करावं लागत नाही. पण ज्यांच्यात काही करावं लागतं ती बाळं पहिल्या दिवशी इतरांसारखीच दिसतात. त्यामुळे सगळा भार दोन गोष्टींवर पडतो: मोजमाप नीट झालं का, आणि पुढची तपासणी योग्य वेळी झाली का. इथे उदाहरणादाखल एक प्रकरण सलग मांडलं आहे. त्यातले आकडे अशा बाळांमध्ये नेहमी दिसतात तसेच ठेवले आहेत.

विसावा आठवडा

आई २८ वर्षांची, पहिलं बाळंतपण. पहिल्या तिमाहीतली क्रोमोसोमची चाळणी चाचणी कमी जोखमीची होती. २० आठवडे ३ दिवसांना ॲनॉमली स्कॅन झाला. डाव्या किडनीच्या रीनल पेल्विसचा पुढून-मागे व्यास ६.२ मिमी आला, उजव्या बाजूचा ३.१ मिमी. बाकी अवयव ठीक, गर्भजल पुरेसं, मूत्राशय भरताना आणि रिकामा होताना दिसला.

रीनल पेल्विस म्हणजे किडनीत तयार झालेली लघवी जिथे जमा होऊन खाली मूत्रवाहिनीत उतरते ती जागा. आकाराने ती नरसाळ्यासारखी असते: वर रुंद, खाली निमुळती. तिच्या वरच्या कडेला लहान लहान कप जोडलेले असतात, त्यांना कॅलिसीस म्हणतात. लघवी उतरायला अडथळा असेल, ती खालून उलटी येत असेल किंवा किडनी नुसती ढिली वाढत असेल, तर तिन्ही वेळा हे नरसाळं रुंद दिसतं. म्हणून रुंदी हे लक्षण आहे, निदान नाही. रिपोर्टवर ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असा शब्द वाचला की घरचे घाबरतात, कारण तो आजाराच्या नावासारखा वाटतो.

आता ६.२ मिमी हा आकडा कसा आला ते पाहू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

गर्भाच्या पोटाचा आडवा छेद घ्यायचा, म्हणजे मणका आणि दोन्ही किडन्या एकाच चित्रात गोल दिसतील असा. मणका घड्याळाच्या बारा किंवा सहाच्या जागी असला पाहिजे. मणका तीनच्या किंवा नऊच्या बाजूला असेल तर सोनोग्राफीच्या लहरी रीनल पेल्विसच्या कडांना समांतर जातात, कड धूसर दिसते आणि कॅलिपर, म्हणजे मोजमापाच्या खुणा, अंदाजाने ठेवले जातात. शिवाय वरची किडनी खालच्या किडनीवर सावली टाकते. अशा वेळी गर्भ वळेपर्यंत थांबणं किंवा आईला कुशीवर वळवणं हाच खरा उपाय.

छेद मिळाला की किडनीच्या गाभ्यातल्या द्रवाची सर्वांत मोठी पुढून-मागे रुंदी मोजायची. इथे ‘गाभ्यातल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रीनल पेल्विसचा काही भाग किडनीच्या मांसल भागात असतो आणि काही बाळांत तो बाहेर डोकावतो. मोजायचं ते आतल्या भागात, जिथे किडनीचे दोन ओठ संपतात त्या रेषेच्या आतच. बाहेर लोंबणारा भाग सैल असतो आणि अडथळा नसतानाही फुगतो. कॅलिपर द्रवाच्या आतल्या कडेवर, एका आतल्या कडेपासून दुसऱ्या आतल्या कडेपर्यंत. उभ्या छेदात मोजलेला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा येतो. पुढच्या वेळी दुसऱ्याने आडव्या छेदात मोजलं की ‘कमी झालं’ असा खोटा दिलासा मिळतो, आणि क्रम उलटा असेल तर ‘वाढलं’ अशी खोटी भीती.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे किडनीच्या दारातली रक्तवाहिनी. तीही काळीच दिसते. कलर डॉप्लर लावला की रंग भरतो आणि ती वेगळी ओळखू येते. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण दोन-तीन मिमीच्या फरकावर वर्ग बदलत असताना ते टाळू नये.

या प्रकरणात छेद बरोबर होता, मणका बारावर होता, डॉप्लरने वाहिनी वेगळी केली होती. म्हणजे ६.२ हा भरवशाचा आकडा. अर्थात भरवशाचा म्हणजे एखाद्या मिमीच्या फरकाने भरवशाचा. गर्भाचा मूत्राशय भरला असेल तर रुंदी थोडी वाढते, आईने भरपूर पाणी प्यायलं असेल तरीही वाढू शकते. सीमेवरचा आकडा आला तर मूत्राशय रिकामा झाल्यावर पुन्हा मोजावं.

आकड्याला अर्थ आठवड्याने येतो

६.२ मिमी वाईट की चांगलं, हा प्रश्न आठवडा सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. २०१४ मध्ये किडनी, मूत्ररोग, रेडिओलॉजी आणि गर्भचिकित्सा अशा वेगवेगळ्या शाखांच्या संघटनांनी एकत्र येऊन मूत्रमार्गाच्या रुंदीची एक सामाईक वर्गवारी केली. तिला यूटीडी म्हणतात. त्याआधी एकाच बाळाला एक जण सौम्य म्हणायचा, दुसरा मध्यम.

या वर्गवारीत १६ ते २७ आठवड्यांत ४ मिमीपेक्षा कमी म्हणजे सामान्य, २८ आठवड्यांनंतर ७ मिमीपेक्षा कमी म्हणजे सामान्य, आणि जन्मानंतर १० मिमीपेक्षा कमी म्हणजे सामान्य. म्हणजे विसाव्या आठवड्यातले ६.२ मिमी सामान्य नाहीत, पण हाच आकडा तेहेतिसाव्या आठवड्यात आला असता तर रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखही करायची गरज नव्हती.

सामान्यच्या वर गेलं की गर्भात दोनच गट आहेत. १६ ते २७ आठवड्यांत ४ ते ७ मिमीच्या आत, किंवा २८ नंतर ७ ते १० मिमीच्या आत, आणि बाकी काही बिघाड नाही, तर तो कमी जोखमीचा ए-१ गट. आकडा त्याच्या वर गेला तर ए-२/३. आकडा लहान असूनही कडेचे बारीक कॅलिसीस रुंद दिसले, किडनीचा मांसल भाग पातळ झाला किंवा विचित्र दिसू लागला, मूत्रवाहिनी दिसू लागली, मूत्राशयाची भिंत जाड झाली किंवा दुसरं कारण नसताना गर्भजल कमी झालं, तरीही तो जास्त जोखमीचा गट. थोडक्यात, आकडा मोठा असणं हा त्या गटात जाण्याचा एकच मार्ग नाही. केवळ मिमी लिहून थांबलेला रिपोर्ट म्हणूनच अर्धवट असतो. कॅलिसीस कसे आहेत, मूत्रवाहिनी दिसते का, मूत्राशय कसा आहे आणि पाणी किती, या चार गोष्टी त्यात हव्यातच.

आमच्या प्रकरणात सगळं ठीक होतं, त्यामुळे ए-१. आईचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, बाळाची किडनी खराब आहे का?” उत्तर असं दिलं गेलं की किडनी तयार झाली आहे, काम करते आहे, पाणी पुरेसं आहे हा त्याचाच पुरावा, एका बाजूची जागा थोडी रुंद आहे आणि ती मोजत राहायची आहे. दुसरा प्रश्न क्रोमोसोमचा होता. सौम्य रुंदी डाउन सिंड्रोमच्या जोखमीत थोडीशी भर घालते, पण ती एकटीच असेल आणि आधीची चाचणी कमी जोखमीची असेल, तर तेवढ्यासाठी गर्भजल काढायची गरज नसते. तशी शिफारसही झाली नाही.

ए-१ साठी गर्भात एकच पुढची सोनोग्राफी, ३२ आठवडे झाल्यावर. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी मोजण्यात काही अर्थ नाही. त्या आकड्यांवर कुठलाच निर्णय होत नाही, फक्त आई दर पंधरा दिवसांनी धास्तावते.

बत्तीसावा आणि छत्तीसावा आठवडा

३२ आठवडे २ दिवसांना डावा व्यास ११ मिमी, उजवा ५ मिमी. उजवी बाजू या वयाला सामान्य. डावी ए-२/३ मध्ये गेली. कॅलिसीसमधले मधले मोठे कप रुंद होते, कडेचे अजून नव्हते. मूत्रवाहिनी दिसत नव्हती. मूत्राशयाची भिंत बारीक होती आणि तपासणीदरम्यान तो एकदा पूर्ण रिकामा झाला. गर्भजल ठीक.

यावरून संशयाची दिशा ठरते. एकाच बाजूला रुंदी, मूत्रवाहिनी दिसत नाही, मूत्राशय चांगला. म्हणजे अडचण असलीच तर ती रीनल पेल्विस आणि मूत्रवाहिनी जिथे जुळतात त्या सांध्यावर असावी. हे सर्वांत जास्त आढळणारं ठिकाण आहे आणि डावीकडे जास्त वेळा आढळतं. मूत्रवाहिनी जाड दिसली असती तर अडथळा खाली, मूत्राशयाजवळ असावा किंवा लघवी उलटी येत असावी, अशी शंका घेतली असती. दोन्ही बाजू फुगलेल्या, मूत्राशय जाड आणि रिकामा न होणारा, मूत्राशयाखालच्या मूत्रमार्गाचा वरचा भाग रुंद आणि पाणी कमी असं चित्र असतं, तर त्या मार्गात लघवी अडवणाऱ्या झडपेचा विचार करून त्याच दिवशी मोठ्या केंद्रात पाठवावं लागलं असतं. ही झडप मुलग्यांतच असते. तिच्यात उशीर परवडत नाही.

छत्तीसाव्या आठवड्यात डावा व्यास १३ मिमी झाला आणि कडेचे काही कॅलिसीस रुंद दिसू लागले. मांसल भागाची जाडी ठीक, पाणी ठीक. एक किडनी पूर्ण चांगली आणि पाणी पुरेसं असताना बाळंतपण लवकर करण्याला कारण नाही, सिझेरियनलाही नाही. तसं केल्याने किडनीचं काही भलं होत नाही आणि बाळाला अपुऱ्या दिवसांचा त्रास मात्र होतो. फाइलवर जन्मानंतरची योजना आधीच लिहून ठेवली: लघवीची धार पाहणे, ४८ तासांनंतर सोनोग्राफी, मूत्ररोगतज्ज्ञ किंवा बालकिडनीतज्ज्ञांची भेट. हा कागद प्रसूती करणाऱ्यांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या हातात पडला पाहिजे. गर्भातली माहिती बाळाच्या फाइलपर्यंत पोहोचत नाही ही या वाटेवरची सर्वांत मोठी गळती आहे.

पहिल्या दिवसाचा खोटा दिलासा

३९ आठवड्यांना मुलगा झाला, वजन ३.१ किलो. धार चांगली, पोटात गाठ हाताला लागत नव्हती. घरी सोडण्याआधी काळजीपोटी २० तासांनी सोनोग्राफी झाली. डावा व्यास ८ मिमी. रिपोर्टवर ‘सामान्य, पुढे गरज नाही’ असं लिहिलं गेलं.

इथे प्रकरण सुटून जाऊ शकलं असतं. जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत बाळाला दूध थोडंच मिळतं, किडनीची गाळण्याची गती अजून कमी असते आणि लघवी फार तयार होत नाही. लघवीच कमी असेल तर रुंद नरसाळंही रिकामं आणि बारीक दिसतं. अडथळा असेल तोही त्या काळात झाकला जातो. म्हणूनच पहिली सोनोग्राफी ४८ तासांनंतर करायची असते, आणि सोयीने एक महिन्याच्या आत. अपवाद आहेत: दोन्ही बाजू खूप फुगलेल्या, एकच किडनी, पाणी कमी झालेलं किंवा झडपेची शंका. तिथे थांबायचं नाही, लगेच बघायचं, पण आकडा लहान आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

लवकर केलेल्या सोनोग्राफीतला वाढलेला आकडा खरा असतो. लहान आकडा खरा असेलच असं नाही. फाइलवर योजना लिहिलेली होती म्हणून सातव्या दिवशी पुन्हा बोलावलं.

त्या दिवशी डावा व्यास १६ मिमी. मधले आणि कडेचे सगळे कॅलिसीस रुंद, मांसल भाग दोन्ही बाजूंना सारखा जाड, मूत्रवाहिनी दिसत नाही, मूत्राशय ठीक. जन्मानंतरच्या वर्गवारीत १० ते १५ मिमीच्या आत आणि फक्त मधले कॅलिसीस रुंद असतील तर पी-१. १५ किंवा जास्त, किंवा कडेचे कॅलिसीस रुंद, किंवा मूत्रवाहिनी रुंद असेल तर पी-२. मांसल भाग पातळ किंवा बिघडलेला, अथवा मूत्राशय बिघडलेला असेल तर पी-३. हे बाळ पी-२. मूत्ररोगतज्ज्ञ वापरतात त्या एसएफयू श्रेणीत हीच अवस्था तिसरी ठरते: सर्व कॅलिसीस रुंद, पण मांसल भाग शाबूत. चौथीत तो पातळ होतो.

नवजात बाळाच्या सोनोग्राफीत आणखी एक नेहमीची फसगत होते. त्या वयात किडनीच्या मांसल भागातले पिरॅमिड नावाचे नेहमीचे भाग फार काळे दिसतात आणि नवख्या नजरेला ते फुगलेल्या कॅलिसीससारखे वाटतात. पिरॅमिड एकमेकांपासून सुटे, त्रिकोणी असतात आणि रीनल पेल्विसला जोडलेले दिसत नाहीत. रुंद कप मात्र चित्र थोडं तिरकं केलं की रीनल पेल्विसमध्ये उघडताना दिसतो. हा फरक न कळल्याने पी-१ ची बाळं पी-२ मध्ये जातात.

किडनीचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी या बाळासाठी केली नाही. पहिल्या दिवसांतला आकडा आईचाच असतो, आणि एक किडनी निरोगी असली की पुढेही तो सामान्यच येतो.

औषध, आणि लघवी उलटी येते का याची तपासणी

पी-२ मध्ये प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे उपचार करणाऱ्यांच्या विवेकावर सोडलेलं आहे, आणि इथे तज्ज्ञांत खरोखर मतभेद आहेत. सांध्याजवळचा अडथळा आणि मूत्रवाहिनी बारीक असेल तर संसर्गाची शक्यता कमी असते. मूत्रवाहिनी ७ मिमीपेक्षा जास्त रुंद असेल, लघवी उलटी येत असेल किंवा मुलग्याची सुंता झालेली नसेल तर ती वाढते. या बाळाची सुंता झालेली नव्हती आणि श्रेणी तिसरी होती. म्हणून औषध सुरू केलं, पण सहा महिन्यांनी थांबवायचं की नाही हे तपासायचं असं आधीच ठरवून. मुदत न ठरवता सुरू केलेलं औषध कोणीच बंद करत नाही.

सेफॅलेक्सिन, किलोमागे १० मिग्रॅ, रात्री एकदा. बाळ ३.२ किलोचं झालं होतं, म्हणजे ३२ मिग्रॅ. ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेल्या औषधात १ मिलीला २५ मिग्रॅ येतात, म्हणजे १.३ मिली. हे चमच्याने मोजता येत नाही. सुई नसलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज द्यावी. वजन झपाट्याने वाढतं, म्हणून दर भेटीला डोस नव्याने काढायचा. ट्रायमेथोप्रिम-सल्फा या वयात देत नाहीत, कारण त्यातला सल्फा बिलिरुबिनला प्रथिनापासून सोडवतो आणि काविळीचा धोका वाढवतो.

मूत्राशयात नळीने रंगद्रव घालून लघवी करताना एक्स-रे काढण्याची तपासणी, व्हीसीयूजी, केली नाही. पी-२ मध्ये तीही ऐच्छिक आहे. मूत्रवाहिनी दिसत नव्हती, मूत्राशय चांगला होता, उजवी किडनी निर्दोष होती. एवढ्यावर बाळाला नळी आणि किरणोत्सर्ग देऊन निर्णयात फरक पडला नसता. तापासह मूत्रसंसर्ग झाला तर ती करायची, असं लिहून ठेवलं. पी-३ असतं तर ही चर्चाच झाली नसती. तिथे तपासणी आणि औषध दोन्ही करतात.

आईवडिलांना एक कागद दिला. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचा नमुना घ्यायचा, आणि तो नळीने घ्यायचा. चिकटवलेल्या पिशवीतल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. त्यात जंतू नाहीत असं आलं तर उपयोग होतो, आले तर त्यावर विसंबता येत नाही. एका खोट्या अहवालामुळे बाळाला नको ती तपासणी आणि नको तेवढं औषध होतं.

सातवा-आठवा आठवडा: रीनोग्राम

सहा आठवड्यांनी सोनोग्राफीत १७ मिमी, बाकी तसंच. एक मिमीची वाढ म्हणजे वाढ नव्हे. आठव्या आठवड्यात एमएजी-३ रीनोग्राम केला, म्हणजे शिरेतून किरणोत्सर्गी द्रव्य देऊन किडनी ते किती उचलते आणि किती वेगाने खाली सोडते हे पाहिलं. त्याआधी केला तर किडनी इतकी कच्ची असते की द्रव्य नीट उचलत नाही, म्हणून किमान चार-सहा आठवडे थांबतात.

या तपासणीत दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की चुकीची शस्त्रक्रिया होते. पहिला प्रश्न, एकूण कामातला डाव्या किडनीचा वाटा किती? तो ४७ टक्के आला. ४५ ते ५५ सामान्य. दुसरा प्रश्न, लघवी उतरते का? बाळाला पुरेसं पाजून आणि सलाइन देऊन, किलोमागे १ मिग्रॅ फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध दिलं. द्रव्य अर्ध्यावर यायला डावीकडे २४ मिनिटं लागली. पुस्तकी नियम असा की १० च्या आत चांगलं, १० ते २० अनिश्चित, २० च्या वर अडथळ्याची शंका.

फक्त हा आकडा वाचणारा इथे शस्त्रक्रियेकडे वळतो. पण लहान बाळाची किडनी फ्युरोसेमाइडला अर्धवटच प्रतिसाद देते. शिवाय मोठ्या, ढिल्या जागेत द्रव्य रेंगाळतं, वाट मोकळी असली तरी. मूत्राशय भरलेला असेल तर वरचंही थांबतं. म्हणून बाळाला उभं धरून, लघवी झाल्यावर आणखी एक चित्र काढतात. या बाळात त्या चित्रात डावीकडचं बहुतेक द्रव्य खाली उतरलेलं दिसलं. अहवालात हे उशिराचं चित्र नसेल तर २४ मिनिटांवर काही ठरवू नये, पुन्हा मागावं.

निर्णय: शस्त्रक्रिया नाही, लक्ष ठेवायचं. निर्णय बदलण्याच्या अटी त्याच दिवशी लिहिल्या. डाव्या किडनीचा वाटा ४० टक्क्यांच्या खाली गेला, पुढच्या रीनोग्राममध्ये ५ ते १० टक्क्यांहून जास्त घसरला, रुंदी वाढत जाऊन मांसल भाग पातळ होऊ लागला, किंवा वारंवार संसर्ग किंवा दुखणं सुरू झालं, तर सांधा कापून नव्याने जोडायचा. या शस्त्रक्रियेला पायलोप्लास्टी म्हणतात आणि ती चांगल्या हातात बहुतेक वेळा यशस्वी होते. त्यामुळे ‘थोडं थांबू’ म्हणताना हातातली संधी जात नाही, अट एवढीच की थांबणं म्हणजे विसरणं होऊ नये.

चौथ्या महिन्याचा गोंधळ

चार महिन्यांना कुटुंब प्रवासात असताना दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. रिपोर्ट: डावा व्यास २३ मिमी, ‘लक्षणीय वाढ’. वडिलांनी फोनवर विचारलं, “आता ऑपरेशन करावं लागणार का?”

चित्रं मागवली. मोजमाप उभ्या छेदात होतं आणि कॅलिपर किडनीच्या बाहेर लोंबणाऱ्या भागावर होते. मूत्राशयही तट्ट भरलेला होता. आठवड्याभराने बाळ लघवी केल्यावर, पूर्वीसारखंच पाठीवर झोपवून, आडव्या छेदात मोजलं: १६ मिमी. मांसल भाग तसाच. बाळाला पोटावर झोपवून मोजलं तर आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी एकच स्थिती ठेवायची आणि ती रिपोर्टात लिहायची. या दिवसानंतर प्रत्येक तपासणीच्या कागदावर चार गोष्टी छापून दिल्या: आडवा छेद, किडनीच्या आत, पाठीवर, लघवीनंतर.

उजव्या किडनीची लांबीही प्रत्येक वेळी मोजली जात होती. हे बऱ्याचदा राहून जातं. डावी किडनी मागे पडू लागली तर उजवी तिचं काम उचलते आणि वयाच्या मानाने जास्त मोठी होऊ लागते. कधी कधी डावीकडची रुंदी स्थिर दिसत असताना हीच पहिली खूण मिळते. या बाळात दोन्ही किडन्या सारख्याच वेगाने वाढत होत्या.

पुढे

सहा महिन्यांना १५ मिमी, संसर्ग एकदाही नाही. ठरल्याप्रमाणे अँटिबायोटिक बंद केलं. वर्षाला १२ मिमी आणि कडेचे कॅलिसीस सामान्य झाले. आता पी-१ सारखं चित्र. दुसरा रीनोग्राम केला नाही, कारण रुंदी उतरत असताना आणि मांसल भाग शाबूत असताना त्याने काही नवं कळत नाही. दोन वर्षांना ९ मिमी, मधले कॅलिसीसही मिटलेले.

बिघाड होणाऱ्या बाळांत तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच दिसतो, म्हणून या काळात तपासण्या दाट ठेवल्या होत्या. त्यानंतर विरळ केल्या, पण पूर्ण बंद केल्या नाहीत. काही मुलांत सांध्याजवळून जाणारी एखादी आडवी रक्तवाहिनी मूल मोठं झाल्यावर, भरपूर पाणी प्यायल्यावर, मधूनच अडथळा आणते. तेव्हा पोटाच्या एका बाजूला किंवा कमरेत कळ येते, उलट्या होतात, काही तासांनी सगळं थांबतं आणि पोटदुखीवर अपचनाचा शिक्का बसतो. या मुलाच्या फाइलवर शेवटची ओळ तीच आहे: अशी कळ आली तर सोनोग्राफी दुखत असतानाच करावी, दुसऱ्या दिवशी नाही, कारण कळ थांबल्यावर केलेल्या सोनोग्राफीत रुंदी पुन्हा ९ मिमीच दिसेल.